पहिल्या आंतरशालेय बुद्धिबळ-कोडी स्पर्धेचं स्वागताचं भाषण कसं करायचं (कॅप्टन झालात ना, मग वाचा)

आमच्या इंदूरच्या क्लबात यंदा नवीन कॅप्टन झालाय, अकरावीतला मुलगा, खेळतो मस्त, पण माईक दिसला की घामाघूम. त्याने परवा विचारलं ताई भाषणात काय बोलू, म्हणून हे लिहून काढतेय. कारण पहिल्या वर्षी कॅप्टन मी होते आणि माझ्या भाषणाची वाट कशी लागली ते मला बरोब्बर आठवतंय.

सतरा मिनिटं बोलले होते मी. बुद्धिबळ भारतात जन्मलं, चतुरंग, एकाग्रता वाढते, जीवनाचा पट वगैरे वगैरे. समोर तिसरी ते आठवीची पोरं, प्रत्येकासमोर पट मांडलेला, मोहरी हाताशी. पाचव्या मिनिटाला घोडे घोड्यांवर चढले, सातव्या मिनिटाला मागच्या रांगेत दोघांनी डाव सुरूही करून टाकला. आणि नियमांबद्दल मी काय बोलले, तर शेवटी एकच वाक्य, "नियम तर तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहेत." पहिल्या फेरीत पहिल्या दहा मिनिटांत अकरा हात वर. त्यातले नऊ अशा गोष्टींसाठी ज्या मी माईकवर तीन मिनिटांत सांगू शकले असते.

तर मुद्दा हा की स्पर्धेच्या दिवशी सगळी पोरं एकाच वेळी गप्प बसून ऐकतायत असा वेळ एकदाच मिळतो, आणि तो तुमच्या भाषणाचा. तो चतुरंगावर घालवायचा नाही, पुढे ज्यावरून भांडणं होणारेत त्यावर घालवायचा. पाच मिनिटं धरा, कोड्याचा खेळ करून दाखवणार असाल तर अजून दोन. घरी फोनवर टायमर लावून मोठ्याने वाचून बघा, मनातल्या मनात वाचलं की नेहमी अर्ध्या वेळात होतं आणि मग स्टेजवर फजिती.

लिहायच्या आधी पंचांना भेटा

कागद-पेन घेण्याआधी हे काम. कॅप्टन नियम बनवत नाही, फक्त सांगतो, आणि तुम्ही माईकवर एक बोललात आणि पंचांनी टेबलावर दुसरं केलं तर पालक तुमचंच वाक्य तुमच्या तोंडावर मारतात. पंचांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: घड्याळ किती मिनिटांचं, चुकीची चाल केली तर काय, आणि मुलं विषम झाली तर उरलेल्याला काय मिळणार. आमच्याकडे असं ठरलं होतं: प्रत्येकाला 15 मिनिटं, पहिल्या चुकीच्या चालीला समोरच्याला 2 मिनिटं जास्त, दुसऱ्या चुकीला डाव गेला, आणि उरलेल्या मुलाला न खेळता पूर्ण 1 गुण. तुमच्याकडे वेगळं असेल, हरकत नाही, पण भाषणात तेच यायला हवं.

सुरुवात

नमस्कार, क्लबचं नाव, शाळांची नावं, बस. शाळांची नावं घ्याच, प्रत्येक शाळेची पोरं आपलं नाव आलं की ओरडतात आणि तो आवाज त्यांना काढू द्या, मग ती जरा शांत होतात. नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, मी एका शाळेचं नाव विसरले होते आणि त्यांच्या सर दिवसभर माझ्याकडे बघत नव्हत्या. (हो, आमच्याकडे बाईंनाही सर म्हणतात काही शाळांत, विचारू नका.)

पाहुण्यांचा हार-नारळ, दीपप्रज्वलन हे सगळं पोरं पटावर बसायच्या आधी उरकून घ्या. एकदा पोरगं पटासमोर बसलं की त्याला पाहुणा दिसत नाही.

मोठ्या खेळाडूंची नावं घ्यायची असतील तर एक घ्या. मी दुसऱ्या वर्षीपासून दिव्या देशमुखचं घेते. नागपूरची मुलगी, 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा 19 वर्षांची होती. आमच्या हॉलमध्ये निम्म्या पोरांचे काका-मावशी नागपूरला, लगेच कान टवकारतात. पंधरा सेकंद, पुढे चला.

घरचे नियम घरी

हा भाग मला कोणी सांगितला नव्हता, पहिल्या वर्षी ठेच लागून कळला. आपल्याकडे बरीच पोरं बुद्धिबळ आजोबांकडून शिकतात, आणि आजोबा देशी पद्धतीने खेळतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, राजाला शह मिळाला नसेल तर एकदा घोड्यासारखं अडीच घर उडता येतं, आणि प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ते ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होतं. हे खेळणारं पोरगं चुकीचं नाही, त्याला शिकवलंच तसं. पण समोरच्याने प्यादं दोन घर टाकलं की हे ओरडतं "चीटिंग!" आणि समोरचं म्हणतं "भिया, इत्ता भी नहीं आता?" आणि झालं सुरू.

म्हणून मी आता हे वाक्य मराठीत आणि हिंदीत दोन्हीत म्हणते, शब्दशः देते, तसंच वापरा: "आजोबांबरोबर खेळता ते नियम घरी ठेवून यायचे. इथे प्यादं पहिल्यांदा दोन घर जाऊ शकतं, राजा अडीच घर उडत नाही, आणि प्यादं शेवटी पोचलं की तुम्हाला हवं ते होतं, वजीर जिवंत असला तरी दुसरा वजीर." मग एक सूचना की दुसरा वजीर हवा असेल तर घड्याळ थांबवून पंचांकडून मागून घ्या. कारण पोरं हत्ती उलटा ठेवतात आणि त्याला वजीर म्हणतात, आणि पंचांच्या लेखी उलटा हत्ती हा हत्तीच असतो.

प्यादं बाजूने येऊन दोन घर उडालेल्या प्याद्याला मारतं ती चाल मात्र समजावत बसू नका, स्टेजवरून ती कोणालाच कळत नाही, मी दोनदा ट्राय केलंय. एवढंच सांगा की समोरच्याने प्याद्याने काहीतरी विचित्र मारलं असं वाटलं तर ओरडायचं नाही, हात वर करायचा.

हात लावला की चालायचं, हे करून दाखवा

सगळ्यात जास्त भांडणं यावरून. टच मूव्ह. हे तोंडाने सांगून काही होत नाही. स्टेजवर एक पट ठेवा, शक्य असेल तर भिंतीवर लटकवायचा चुंबकी डेमो बोर्ड, आणि एका पोराला वर बोलवा. मी असं करते: मी घोडा उचलते, विचार करते, "अरे नको" म्हणून परत ठेवते आणि उंटाला हात लावते. मग पोरांना विचारते, चालेल का? अर्धा हॉल "होओओ", अर्धा "नाहीईई". आता सगळे ऐकतायत.

मग सांगायचं. आपली चाल असताना आपल्या मोहऱ्याला मुद्दाम हात लावला तर तेच चालायचं. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लावला तर ते मारता येत असेल तर मारायचंच. लावलेल्या मोहऱ्याची कुठलीच चाल होत नसेल तर दुसरं काहीही चाला. कोपराने, बाहीने चुकून लागलं तर ते मोजत नाहीत. आणि मोहरं घरात नीट बसवायचं असेल तर आधी बोलायचं "नीट करतोय", मग हात. आधी हात आणि मग "नीट करत होतो" हे चालत नाही, आणि पोरं हेच करतात, चाल चुकली हे कळल्यावर अचानक सगळ्यांना मोहरी नीट करायची असतात.

किल्लेकोटाचं एक दाखवाच. मी हत्ती आधी उचलते, राजाच्या बाजूला ठेवते, मग राजा उचलते. विचारते झाला किल्लेकोट? नाही. राजा आधी, दोन घरं, मग हत्ती, आणि सगळं एकाच हाताने. हत्तीला आधी हात लावला तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीत करता येत नाही, हत्तीच चालवावा लागतो. आमच्याकडे एका चौथीतल्या मुलीचा पूर्ण जिंकलेला डाव यावर उलटला होता, क्लासमध्ये तिला कोणी कधी टोकलंच नव्हतं. डोळ्यात पाणी आणून मला म्हणाली, "तुम्ही सांगितलं नव्हतं." खरंच सांगितलं नव्हतं.

हात वर, तोंड बंद

आता तक्रार कशी करायची. नवीन पोराला वाटतं पंच म्हणजे शाळेतले सर, बोलावलं तर आपल्यालाच ओरडा. मग ते स्वतःच भांडतं किंवा गप्प बसून हरतं. दोन्ही वाईट.

मी सांगते: "समोरच्याने चुकीचं केलं असं वाटलं तर तीन गोष्टी. घड्याळ थांबव. हात वर कर. पटाला हात लावू नको." हे तिसरं फार महत्त्वाचं आणि कारणही सांगा, कारण सांगितलं की लक्षात राहतं. समोरच्याने घोड्याला हात लावून उंट चालवला, तुला दिसलं, पण तू रागारागात आपली चाल केलीस आणि मग तक्रार केलीस, तर तक्रार गेली. स्वतः मोहऱ्याला हात लावायच्या आधीच बोलायचं असतं. आणि पट हलवला, मोहरी इकडेतिकडे झाली तर पंच काय बघून निकाल देणार?

घड्याळाची मधली बटणं दाबून बंद कसं करायचं हे माईकवरून दाखवू नका, ते टेबलावर फिरून दाखवायला दोन सीनियर पोरं आधीच नेमा. पहिल्या वर्षी आमच्याकडे दोन मुलं बारा मिनिटं भांडत होती आणि घड्याळ चालूच होतं, ज्याची बाजू खरी होती त्याचंच निशाण पडलं, म्हणजे त्याचाच वेळ संपला. मी टाइमवर पोचले असते तर... असो.

पालकांना पण याच दमात सांगून टाका, गोड आवाजात पण स्पष्ट: दोरीच्या आत यायचं नाही, आणि "बेटा वजीर बघ" हे डोळ्यांनीसुद्धा करायचं नाही. पोरं हसतात, पालक पण हसतात आणि थोडा वेळ तरी ऐकतात.

एक चूक पंचांपर्यंत येतच नाही, ती पण बोलून ठेवा. काळा राजा कोपऱ्यात एकटा, h8 वर. पांढऱ्याने वजीर g6 वर आणून ठेवला आणि ओरडला "मात!" बघा बरं, राजाला शह आहे का? नाही. त्याला जायला घर आहे का? g8, g7, h7 तिन्ही वजिराने अडवलेली. काळ्याची दुसरी मोहरी नाही. शह नाही आणि चालही नाही म्हणजे डाव बरोबरीत, अर्धा-अर्धा. छोट्या गटात हे प्रत्येक फेरीत एकदा तरी होतं, आणि हरलेलं समजून बिचारं काळं पोरगं हात मिळवून उठून जातं आणि निकाल तसाच लिहिला जातो. माझं वाक्य: "समोरचा मात म्हणाला म्हणून मात होत नाही, स्वतः बघ, शह आहे का ते बघ, कळलं नाही तर हात वर."

हरलात तरी घरी जायचं नाही

क्रिकेट-कबड्डी बघून पोरांच्या डोक्यात बसलेलं असतं की हरलं की बाहेर. पहिल्या वर्षी पहिली फेरी हरून दोन मुलं पालकांबरोबर निघून पण गेली, दुसऱ्या फेरीला त्यांच्या समोरचे वाट बघत बसले.

म्हणून स्विस पद्धत दोन वाक्यांत. "सगळे पाचही फेऱ्या खेळणार. जिंकलेल्याला जिंकलेला, हरलेल्याला हरलेला, म्हणजे दर फेरीला साधारण तुमच्याइतकेच गुण असलेला समोर येतो." बस. नाव स्विस का, तर 1895 मध्ये झुरिकच्या स्पर्धेत वापरली होती म्हणून, हे पोरांना सांगायची गरज नाही, तुम्हाला कोणी पालकाने विचारलं तर असू दे.

पाच फेऱ्याच का, हे मात्र कॅप्टनला माहीत हवं. दर फेरीला सगळे जिंकत राहिलेले अर्धे होत जातात, 32 मुलं असतील तर पाच फेऱ्यांनंतर एकच उरतो. आमच्याकडे 45 होती, म्हणजे सहा फेऱ्या हव्यात, पण तेवढा वेळ नव्हता, हॉल दोनपर्यंतच. मग पाचही जिंकणारे दोन निघू शकतात, आणि तसं झालं तर कोणाच्या प्रतिस्पर्ध्यांनी जास्त गुण मिळवले ते बघून नंबर ठरतो. हे आधी माईकवर सांगा. बक्षीस वाटायच्या वेळी पहिल्यांदा सांगितलं की लोकांना वाटतं आत्ताच शोधून काढलं.

आणि 45 विषम. म्हणजे दर फेरीला एक पोरगं बिनजोडीचं. त्याला बाय म्हणतात, गुण मिळतो, खेळायला मिळत नाही. ते साधारण खालच्या गुणांवरचं असतं आणि एकाच मुलाला दोनदा देत नाहीत. सांगितलं नाही तर पोरगं यादीत आपल्यासमोर नाव नाही बघून रडतं की मला काढून टाकलं. भाषणात एवढंच: "यादीत तुझ्यासमोर बाय लिहिलंय तर तुला फुकट एक गुण मिळालाय, पोहे खाऊन ये."

पोह्यांचं निघालं म्हणून, हे हसण्यावारी नेऊ नका. आमचे पोहे म्हणजे वर शेव आणि जीरावन, आणि दुसऱ्या फेरीनंतर पांढऱ्या मोहऱ्यांवर पिवळे ठसे. मध्यंतरानंतर हात धुऊन बसायचं, हे भाषणातच.

कोड्यांची फेरी: जिवंत दाखवा

कोडी म्हटलं की पोरं घाबरतात कारण त्यांना वाटतं गणिताचा पेपर. आणि आमच्या फेरीत एक नियम असा होता जो शाळेत कुठेच नसतो: उत्तराला एक गुण, कारणाला दोन, आणि "हे होऊच शकत नाही" हे पण उत्तर असू शकतं. हे सांगून कोणाला पटत नाही, म्हणून दाखवायचं.

सामान: पुठ्ठ्यावर चार बाय चारचा पट, एक घर 15 सेंटीमीटर, म्हणजे मागच्या रांगेला दिसतो. काळी-पांढरी घरं नीट रंगवलेली. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टी बरोब्बर दोन घरं झाकेल एवढी. पटाची समोरासमोरची दोन कोपऱ्यातली घरं कापून टाका, तिरकी समोरासमोरची हं, एका बाजूची दोन नाही.

आता विचारा: 16 घरं होती, दोन गेली, 14 उरली, पट्ट्या सात, सात दुणे चौदा, मग सगळी घरं झाकता येतील ना? पोरं म्हणतात हो. एकाला बोलवा. लावू द्या. सहा पट्ट्या लागतात आणि सातवी कुठेच बसत नाही, उरलेली दोन घरं शेजारी नसतात. दुसरी येते, ती वेगळ्या पद्धतीने लावते, तरी तेच. इथे घाई करू नका, दोन जण पुरे. मग विचारा, उरलेल्या दोन घरांचा रंग काय? तिचेही सारखे, त्याचेही सारखे, आणि दोघांचा रंग तोच! हॉल एकदम चूप होतो.

मग हळू सांगायचं. तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांचा रंग एकच असतो. समजा दोन काळी कापली, तर काळी 6 उरली आणि पांढरी 8. पट्टी कशीही ठेवा, आडवी-उभी, ती एक काळं आणि एक पांढरं झाकते. सहा पट्ट्यांत काळी संपली, उरली दोन पांढरी. म्हणून होत नाही, आणि कितीही हुशार असलात तरी होणार नाही. हे शेवटचं वाक्य म्हणजे कारण, आणि त्याचेच दोन गुण.

पूर्ण आठ बाय आठच्या पटावर पण हेच, 62 घरं, 31 पट्ट्या, जमत नाही. पण स्टेजवर मोठा पट नेऊ नका, पहिलीच मुलगी दहा मिनिटं लावत बसते आणि तुम्हाला मधे तोडायला जिवावर येतं. आणि मुख्य म्हणजे घरी एकदा स्वतः करून बघा. मी एकदा घाईत एकाच बाजूचे दोन कोपरे कापून नेले होते, आणि एका पाचवीतल्या पोराने सातही पट्ट्या छान बसवून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी माझं भाषण तिथेच संपलं.

शेवट

शेवट लांबवू नका. शुभेच्छा, आभार, खिलाडूवृत्ती, हे पंचांचं नाव घेऊन एका वाक्यात. मग पोरांना पट तपासायला लावा: "प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आहे का बघा. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या." दर वर्षी दोन-तीन पट आडवे निघतात, आणि ते पाच चालींनंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

मग "हात मिळवा." थांबा, सगळ्यांचे मिळू द्या. आणि मग, "काळ्यांनी घड्याळ दाबा." एवढं बोलून माईक बंद करा, खरंच स्विच बंद करा, नाहीतर पुढचा अर्धा तास तुमचं कुजबुजणं सगळ्या हॉलला ऐकू येतं.